न दिसणाऱ्या पराभवांचा हिशेब

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर भिलाई लागते. तेथील पोलाद कारखान्याच्या आसऱ्याने ज्या कामगारवस्त्या वाढल्या त्यांत खुर्सीपार ही एक दाट वस्ती आहे. कारखाना उभा राहिला त्या काळापासून देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून माणसे येथे पोटासाठी आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती आणि त्यांची तिसरी पिढी आज तेथील शाळांतून शिकत आहे. अशाच एका नातलगाच्या घरी गेल्या दिवाळीत मी दोन दिवस राहिलो असता जो प्रसंग घडला, त्यावरून पुढील विवेचन सुचले.

घरातील अकरावीत शिकणारा मुलगा रात्री मोबाइलवर एक थेट प्रक्षेपण पाहत होता. पडद्याच्या कोपऱ्यात एका तरुणाचा चेहरा होता आणि उरलेल्या जागेत चित्रांच्या चकत्या गरगर फिरत होत्या. चकत्या थांबल्या, तरुण ओरडून उठला आणि आकडा एकदम दहा लाखांनी वाढला. अशा खेळ दाखवणाऱ्यांस आज सर्वत्र ‘स्ट्रीमर’ म्हणतात. मुलाच्या चेहऱ्यावरील तेज पाहून मी वडीलधाऱ्याच्या तोऱ्यात म्हणालो, “हे सारे खोटे असते.” त्यावर तो शांतपणे म्हणाला, “मामा, खोटे कसे? मी स्वतः थेट पाहिले. कापाकापी केलेली फीत नाही ही.” थोडे खोदून विचारल्यावर कळले की, शिकवणीच्या शुल्कातील सहाशे रुपये त्याने अशाच एका खेळात घालवले होते आणि ते परत मिळवण्याची खटपट चालू होती.

पुढे विचार करता मला असे दिसून आले की, त्या वादात चूक माझी होती. त्याने जे पाहिले ते खरे असू शकते. चकत्या खरोखर थांबल्या असतील, आकडा खरोखर वाढला असेल, यंत्रात कोणतीही लबाडी नसेल. तरीही त्या दृश्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष, म्हणजे ‘असा खेळ खेळणाऱ्यास बरेचदा असे मिळते’ हा, साफ चुकीचा होता. खऱ्या घटना दाखवूनही खोटी समजूत निर्माण करता येते. ती कशी होते हे मुलांस समजावून न सांगता नुसते ‘खोटे आहे’ म्हणणे निरुपयोगी, किंबहुना अपायकारक आहे. कारण दृश्य खरे आहे एवढे मुलास पटले की सांगणाऱ्यावरचा त्याचा विश्वास उडतो.

ह्या भ्रमाच्या मुळाशी दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे हरलेले लोक दृष्टीआड होतात आणि जिंकलेले तेवढे समोर राहतात. संख्याशास्त्रात हिला उत्तरजीवी-पक्षपात म्हणतात. साध्या भाषेत ‘वाचलेल्यांचीच मोजदाद’ म्हणावे. दुसरी गोष्ट अशी की, खेळ दाखवणारा ज्या पैशाने खेळतो तो पुष्कळदा त्याचा नसतो. ज्या जुगारगृहाची तो जाहिरात करतो त्याने तो दिलेला असतो. ह्या दुसऱ्या गोष्टीकडे येण्यापूर्वी पहिली नीट पाहू.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात संख्याशास्त्रज्ञांचा एक गट लष्करासाठी काम करीत असे. त्यात अब्राहम वाल्ड हे गणिती होते. मोहिमेवरून परतलेल्या विमानांच्या कोणकोणत्या भागांस गोळ्या लागल्या आहेत, यावरून विमानाचा कोणता भाग अधिक नाजूक आहे हे कसे ठरवावे, ह्या प्रश्नावर त्यांनी १९४३ मध्ये टिपणे लिहिली. जेथे भोके अधिक तेथे चिलखत अधिक, असे सहज सुचते. परंतु ही भोके परतलेल्या विमानांची आहेत. त्या जागी गोळी लागूनही विमान परतले, एवढेच ती सांगतात. ज्या जागी गोळी लागली असता विमान कोसळते, त्या जागेची भोके मोजणाऱ्यास दिसणारच नाहीत, कारण ती विमाने परत आलेली नाहीत. म्हणून न परतलेल्यांचा हिशेब मांडल्याशिवाय परतलेल्यांवरून काही ठरवता येत नाही. हेच वाल्ड पुढे भारत सरकारच्या निमंत्रणावरून व्याख्यानांसाठी आपल्या देशात आले आणि १९५० च्या डिसेंबरात निलगिरी पर्वतात झालेल्या विमान अपघातात मृत्यू पावले.

आता हाच विचार जुगारास लावू. रूलेट नावाच्या खेळाच्या युरोपीय चाकावर सदतीस घरे असतात. अठरा तांबडी, अठरा काळी आणि एक शून्याचे. तांबड्यावर शंभर रुपये लावले आणि गोळी तांबड्या घरात थांबली तर दोनशे मिळतात. अन्यथा शंभर जातात. घरे सदतीस आणि जिंकवणारी अठरा. म्हणजे जिंकण्याची संभाव्यता निम्म्याहून किंचित कमी. हा किंचित फरक हेच जुगारगृहाचे उत्पन्न.

अशी कल्पना करा की, एक लाख माणसांनी प्रत्येकी शंभर रुपये घेऊन खेळावयास आरंभ केला. प्रत्येकाने ठरवले की, सारी रक्कम तांबड्यावर लावावयाची. जिंकल्यास आलेली सारी रक्कम पुन्हा लावावयाची. आणि असे दहा वेळा करावयाचे. पहिल्या फेरीनंतर साधारण ४८,६०० माणसे उरतील. दुसऱ्या फेरीनंतर २३,७०० च्या आसपास. दर फेरीस निम्म्याहून अधिक माणसे रिकाम्या हाताने घरी जातील. दहाव्या फेरीनंतर उरतील अवघी चौऱ्याहत्तर. परंतु त्या प्रत्येकापाशी शंभराचे १,०२,४०० रुपये झालेले असतील!

ह्या चौऱ्याहत्तर जणांपैकी कोणीही खोटे बोललेला नाही. प्रत्येकाने शंभर रुपये लावले आणि एक लाखाहून अधिक मिळवले. ते आपली हकीगत उत्साहाने सांगतील, चित्रफीत दाखवतील, मित्र त्यांच्याभोवती जमतील. उरलेले ९९,९२६ जण काय सांगणार? पहिल्याच फेरीत शंभर रुपये गेले, ह्यात सांगण्यासारखे काही नाही आणि ते ऐकावयासही कोणी बसत नाही. म्हणून जो श्रोता हकीगती ऐकून मत बनवतो, त्याच्या कानी चौऱ्याहत्तर विजय येतात आणि पराभव जवळजवळ एकही येत नाही. तिकडे जुगारगृहाची वही पाहिली तर लोकांनी आणलेल्या एक कोटी रुपयांपैकी सुमारे शहात्तर लाख रुपये त्या चौऱ्याहत्तर जणांस दिले गेले आणि चोवीस लाख गृहाने ठेवले. विजेते खरे, आणि गृहाचा नफाही खरा. यंत्रात लबाडी करण्याची आवश्यकता कोठेच पडली नाही.

भिलाईच्या लोकांस ही गोष्ट त्यांच्याच कारखान्याच्या उदाहरणाने सांगता येईल. येथे रेल्वेसाठी रूळ तयार होतात. रूळ चांगला आहे की नाही हे ठरवण्यासाठी जो नमुना तपासतात, तो दिसावयास उत्तम म्हणून कोणी उचलून आणत नाही. कोणता तुकडा कोठून घ्यावयाचा याचे नियम आधी ठरलेले असतात. समजा, कारखान्याने मोडलेले रूळ बाजूस टाकले, न मोडलेले तेवढे प्रयोगशाळेत पाठवले आणि ‘आमचा एकही रूळ मोडत नाही’ असे प्रमाणपत्र मिळवले. तर त्या रुळांवरून गाडीने जाण्यास कोण धजेल? जुगाराच्या चित्रफिती हे असेच न मोडलेल्या रुळांचे प्रदर्शन आहे.

येथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. त्या मुलानेही तो घेतला होता. तो म्हणाला, “पण मी तर एकाच माणसाला रोज पाहतो. तो हरतानाही दिसतो. लाखभर माणसांतून निवडलेला तो कसा?” ह्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी दुसऱ्या गोष्टीकडे, म्हणजे दुसऱ्याच्या पैशाकडे वळले पाहिजे.

ज्या खेळात चित्रांच्या चकत्या फिरतात त्याचा हिशेब ‘परतीच्या प्रमाणा’त सांगतात. ९६ टक्के परत, याचा अर्थ असा की, अगणित फेऱ्यांत लावल्या गेलेल्या दर शंभर रुपयांपैकी सरासरी ९६ रुपये खेळणाऱ्यांस परत मिळतात. हा आकडा ऐकून वाटते की, सहाशे रुपये नेले तर फार तर चोवीस रुपये जातील. ही मोठी चूक आहे. चार टक्के कापले जातात ते आपण आणलेल्या रकमेवर नव्हे, तर लावलेल्या प्रत्येक डावावर. तेच पैसे पुन्हा पुन्हा लावले जातात आणि प्रत्येक वेळी त्यांतून थोडे झिरपतात. दर फेरीस दहा रुपये लावणाऱ्याने पंधराशे फेऱ्या केल्या की एकूण पंधरा हजार रुपयांचे डाव होतात आणि त्यांचे चार टक्के म्हणजेच सारे सहाशे रुपये होतात. तासाला सहाशे फेऱ्या ह्या यंत्राच्या वेगाने त्यास अडीच तास पुरतात.

वस्तुतः बहुतेकांना तेवढाही वेळ मिळत नाही. त्याचे कारण समजण्यासाठी एक खेळ कल्पनेने रचू. त्यात डावाच्या हजारपट बक्षीस सरासरी वीस हजार फेऱ्यांत एकदा मिळते असे धरू. प्रत्येक खेळाचे आकडे निराळे असतात, परंतु घडण अशीच असते: पुष्कळ लहान परतावे आणि क्वचित एखादा प्रचंड. वीस हजारांत एकदा हजारपट, याचा अर्थ दर रुपयामागे सरासरी पाच पैसे ह्या एकाच बक्षिसातून येतात. म्हणजे ज्यास ते बक्षीस लागले नाही, त्यास रुपयास ९६ नव्हे, तर ९१ पैसेच परत मिळतात. आमच्या मुलाचे सहाशे रुपये ह्या हिशेबाने तासाभरातच संपतात. आणि एका रात्रीत दोनशे फेऱ्या खेळणाऱ्या शंभर माणसांपैकी साधारण नव्याण्णव जणांस ते बक्षीस लागतच नाही. ९६ टक्के ही सरासरी आहे. तिच्यात त्या एका भाग्यवानाचा वाटा मिसळलेला आहे. ती बहुतेकांच्या वाट्यास येणारी स्थिती नव्हे.

आता पडद्यावरील तरुणाकडे पाहू. तो दिवसास पाच तास आणि महिन्यास वीस दिवस हाच खेळ खेळतो. तासाला सहाशे याप्रमाणे महिन्याच्या साठ हजार फेऱ्या झाल्या. वीस हजारांत एकदा येणारे बक्षीस त्यास महिन्यातून सरासरी तीनदा लागेल आणि एकदाही न लागण्याची शक्यता वीसांत एकच. त्याचा डाव हजार रुपयांचा असेल तर प्रत्येक बक्षीस दहा लाखांचे. म्हणजे महिन्यात तीस लाखांची तीन थरारक दृश्ये हमखास मिळाली म्हणावयास हरकत नाही. त्यांच्या छोट्या फिती कापून सर्वत्र फिरवल्या जातात. त्याच महिन्यात त्याने एकंदर सहा कोटी रुपयांचे डाव लावले आणि चार टक्क्यांप्रमाणे सरासरी चोवीस लाख रुपये गमावले, हे मात्र कोणत्याही छोट्या फितीत मावत नाही. ते शंभर तासांच्या कंटाळवाण्या प्रक्षेपणात थोडे थोडे विखुरलेले असते.

जो माणूस दर महिन्यास चोवीस लाख गमावतो, तो पुढच्या महिन्यात पुन्हा पडद्यावर कसा येतो? स्वतःच्या पैशाने खेळणारा एव्हाना नाहीसा झाला असता. वाल्ड यांच्या भाषेत, ते विमान परतले नसते. येथेच प्रायोजित शिल्लक येते. जुगारगृह ह्या तरुणाच्या खात्यावर रक्कम भरते. ती संपली की पुन्हा भरते. कित्येकदा करारात असे असते की, ह्या रकमेतून फारसे काही बाहेर काढता येणार नाही. ती खेळण्यासाठीच आहे. आणि खेळण्यात हरलेला पैसा जातो कोठे? त्याच जुगारगृहाकडे, ज्याने तो दिला होता. म्हणजे चोवीस लाखांचा तो ‘तोटा’ हा गृहाच्या एका खात्यातून निघून दुसऱ्या खात्यात जमा झालेला आकडा आहे. खरा खर्च होतो तो त्या तरुणाच्या मानधनाचा, आणि तो जाहिरातीचा खर्च होय.

भाषांतरकार म्हणून मला येथे एका शब्दाचा विचार करावासा वाटतो. खात्यावरील अशा रकमेस मी ‘प्रायोजित शिल्लक’ म्हटले खरे, पण मराठीत शिल्लक म्हणजे आपल्या मिळकतीतून खर्च वजा जाता उरलेले. त्या तरुणाने काही मिळवून लावले नाही आणि त्यातून काही उरलेले नाही. पडद्यावर दिसणारा आकडा ही शिल्लक नव्हे. नाटकातील राजाच्या गळ्यातील मोत्यांची माळ म्हणावी, तसे ते रंगभूमीचे साहित्य आहे. राजाने ती माळ भर दरबारात उधळली तरी नाटक कंपनीचे काही जात नाही. पडदा पडल्यावर ती पुन्हा पेटीत जाते.

आता मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. तो रोज पाहत असलेला माणूस निवडलेलाच आहे, फक्त निवड निराळ्या रीतीने झाली आहे. शेकडो तरुण असे प्रक्षेपण सुरू करतात. स्वतःच्या पैशाने खेळणारे लवकरच संपतात. महिनोन्महिने टिकतात ते ज्यांच्या पाठीशी प्रायोजक आहे असे. म्हणून पडद्यावर पाहावयास मिळते ती जुगाऱ्यांची जात नसून पगारी नटांची जात असते. तो हरतानाही दिसतो, हे खरे. पण त्याच्या हरण्यात घरभाडे जात नाही, शिकवणीचे शुल्क जात नाही. उलट तो हरूनही हसत पुन्हा खेळतो, ह्या दृश्याने प्रेक्षकास असा धडा मिळतो की, हरणे ही तात्पुरती अवस्था असून धीर धरणाऱ्यास बक्षीस लागतेच. सहाशे रुपयांच्या धन्याला तसा धीर धरणे परवडणारे नसते.

ही केवळ कल्पना नव्हे, हे दाखवण्यास दोन उघड झालेली उदाहरणे पुरेत. ट्रेव्हर मार्टिन आणि थॉमस कॅसेल हे दोघे संगणकीय खेळांच्या चित्रफितींमुळे लाखो मुलांस परिचित होते. एका बंदुकींच्या खेळातील सजावटीच्या वस्तू पणास लावून चालणाऱ्या CSGOLotto ह्या जुगारस्थळावर आपण कसे जिंकतो, हे ते आपल्या फितींतून दाखवीत. पाच मिनिटांत तेरा हजार डॉलर कसे जिंकावेत, अशा अर्थाचे शीर्षकही एका फितीस होते. ह्या जुगारस्थळाचे मालकच ते दोघे आहेत, ही गोष्ट २०१६ मध्ये उजेडात आली. त्याखेरीज इतर प्रसिद्ध प्रक्षेपकांसही त्यांनी अडीच हजारांपासून पंचावन्न हजार डॉलरपर्यंत मोबदला दिला होता आणि जुगारस्थळाच्या नावास बाध येईल असे काही बोलावयाचे नाही, अशी अट घातली होती. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने ह्या दोघांविरुद्ध कारवाई केली आणि २०१७ च्या सप्टेंबरात प्रकरण मिटले; पुढे असा हितसंबंध उघड करण्याचे बंधन त्यांच्यावर आले. मालक स्वतःच्याच गल्ल्यावर खेळत असेल, तर त्याचा विजय आणि पराजय ह्या दोन्ही शब्दांस अर्थच उरत नाही.

दुसरे उदाहरण टायलर निकनॅम ह्या प्रक्षेपकाचे. जुगाराच्या प्रक्षेपणाबद्दल आपणांस सोळा महिन्यांत छत्तीस कोटी डॉलर देण्यात आले, असे त्याने स्वतःच २०२२ च्या ऑक्टोबरात सांगितले. त्याच महिन्यात Twitch ह्या प्रक्षेपणमंचाने पुरेशा परवान्याविना चालणाऱ्या कित्येक जुगारस्थळांचे प्रक्षेपण बंद केले. एवढ्या प्राप्तीपुढे टेबलावर किती गेले आणि किती आले हा प्रश्न गौण ठरतो. ह्या व्यवसायात आणखी एक रूढ पद्धत आहे: प्रक्षेपकाच्या दुव्यावरून जे प्रेक्षक खाते उघडतात, त्यांच्या निव्वळ पराभवाचा काही टक्के हिस्सा त्यास मिळतो. अशा करारात प्रक्षेपकाचा लाभ आपल्या हानीशी बांधलेला असतो. घोड्याच्या शर्यतीत ज्यास आपण हरलो की पैसे मिळतात, अशा माणसाकडून कोणी घोड्याची शिफारस घेईल काय?

खुर्सीपारच्या वाचकास ह्यासाठी परदेशात जाण्याचीही गरज नाही. ‘महादेव’ ह्या पैजेच्या अ‍ॅपचे प्रवर्तक म्हणून ज्यांची नावे तपास यंत्रणांनी घेतली, ते सौरभ चंद्राकर आणि रवी उप्पल हे दोघेही भिलाईचेच. त्यांच्यापैकी चंद्राकर येथे फळांच्या रसाचे दुकान चालवीत असे, हे वृत्तपत्रांतून सर्वांनी वाचले आहे. सक्तवसुली संचालनालयाच्या म्हणण्यानुसार अ‍ॅपचा कारभार संयुक्त अरब अमिरातींतून चाले आणि त्याच्या शाखा ओळखीच्या लोकांस ७० आणि ३० टक्के अशा नफ्याच्या वाटणीने दिल्या जात. २०२३ च्या सप्टेंबरात संचालनालयाने ४१७ कोटी रुपयांची मालमत्ता गोठवल्याचे वा जप्त केल्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने ह्या अ‍ॅपसह बावीस अ‍ॅप व संकेतस्थळे बंद करण्याचे आदेश दिले. ह्यांतील आरोपांचा निवाडा करणे न्यायालयाचे काम आहे आणि त्याबद्दल येथे काही म्हणावयाचे नाही.

मला म्हणावयाचे आहे ते त्या कथेच्या परिणामाविषयी. ‘रसाच्या दुकानातून कोट्यवधींपर्यंत’ ही कथा भिलाईच्या मुलांच्या तोंडी आहे आणि पुष्कळांच्या मनात ती पैजेने श्रीमंत होण्याची कथा म्हणून बसली आहे. ती तशी मुळीच नाही. तपास यंत्रणांचे म्हणणे खरे धरले तर त्या कथेतील पैसा पैज लावून मिळालेला नसून पैजा घेऊन मिळालेला आहे. नफ्याची वाटणी ठरवता येते, शाखा वाटता येतात, याचाच अर्थ असा की, लावणाऱ्यांच्या एकूण पराभवावर त्या व्यवहारात भरवसा ठेवता येतो. वाचलेल्यांची मोजदाद येथे दुप्पट फसवते: डोळ्यांसमोर उभा असलेला एकुलता एक श्रीमंत हा जिंकलेला खेळाडू नसून गृहाचा मालक असतो, आणि ज्यांच्या पैशावर तो उभा राहिला ते हजारो लोक आपापल्या घरी गप्प असतात.

यावर कोणी म्हणेल की, भारतीय संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा संमत करून पैशाचे ऑनलाइन खेळ, त्यांच्या जाहिराती आणि त्यांसाठीचे आर्थिक व्यवहार ह्या सर्वांवरच बंदी घातली आहे. मग ह्या चर्चेचे प्रयोजन काय? कायदा आवश्यक आहे. परंतु खेळाचे प्रक्षेपण कोणत्या देशातून होते यास सीमा नाही, आणि मुलाच्या हातातील पडद्यावर ते येऊन पोहोचतेच. काहींचे असे म्हणणे असते की, ‘ही जाहिरात आहे’ एवढी पाटी लावली म्हणजे पुरे. मला ते मान्य नाही. जाहिरात आहे असे कळल्याने पैसे कोणाचे आहेत हे कळत नाही, आणि किती फेऱ्यांतून ही एक फेरी उचलली हेही कळत नाही. तांदळाच्या पोत्यावर वजन न लिहिता नुसते ‘विक्रीसाठी’ असे लिहावे, तसे ते होईल. ज्या दृश्यासोबत एकूण लावलेली रक्कम, एकूण परत आलेली रक्कम आणि खात्यावर पैसा भरणाऱ्याचे नाव नाही, ते दृश्य अपुरे म्हणून सोडून न देता दिशाभूल करणारे म्हणूनच गणले जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोवर पाहणाऱ्याने तीन प्रश्न जवळ ठेवावेत. हे बक्षीस किती फेऱ्यांतून आले? ह्या खात्यात बँकेतून एकंदर किती पैसे भरले आणि बँकेत किती परत गेले? हरलेला पैसा ज्याचा होता, त्याने दुसऱ्या दिवशी काय केले? पडद्यावरील आकडा ह्यांपैकी एकाचेही उत्तर देत नाही. काही खेळांत प्रत्येक फेरीचा निकाल आधीच ठरवून ठेवलेल्या सांकेतिक अंकांवरून नंतर पडताळून पाहण्याची सोय असते आणि प्रक्षेपक तिचा मोठा डांगोरा पिटतात. ती पडताळणी खरी असली, तरी तिने एवढेच सिद्ध होते की त्या एका फेरीत फेरफार झाला नाही. परतीचे प्रमाण तिने बदलत नाही, आणि पैसा कोणाचा हे तर तिला ठाऊकच नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या मुलाजवळ माझी चूक कबूल केली. “तू पाहिलेस ते खरे असेल, पण ते साठ हजारांतले तीन आहे,” असे सांगून वरील हिशेब वहीच्या पानावर त्याच्याकडूनच करून घेतला. तीस लाखांचे तीन विजय त्याने एका बाजूस लिहिले, सहा कोटींचे डाव आणि चोवीस लाखांचा तोटा दुसऱ्या बाजूस. बराच वेळ तो त्या दुसऱ्या बाजूकडे पाहत होता. मग त्याने विचारले, “मामा, आणि ह्यातले त्याचे स्वतःचे किती गेले?” मी म्हणालो, “काही नाही.” त्याने त्या ओळीसमोर शून्य लिहिले, आणि खाली, न सांगता, आपले नाव लिहून त्यापुढे सहाशे हा आकडा मांडला.